सिम्पसनचा नियम: पट्ट्या किती पाडायच्या हे आकडेमोडीआधीच कसं ठरवायचं

दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंत ठाणे-बेलापूर रस्त्याला लागून जी एमआयडीसी आहे, तिथे लेथवर टर्निंगची कामं करणारी छोटी वर्कशॉप पुष्कळ आहेत. माझा एक जुना विद्यार्थी रबाळ्याच्या अशाच एका वर्कशॉपमध्ये क्वालिटी बघतो. त्याने विचारलेला प्रश्न असा: "सर, पिनचा व्यास २५ मिलीमीटर हवा, पण २४.९७ ते २५.०३ पर्यंत चालतो. आमची सरासरी बरोबर २५ वर बसलीय आणि सिग्मा ०.०२ आहे. दहा हजारांच्या लॉटमधले किती पीस पास होतील?"

मोजमापं नॉर्मल वितरणात पडतात असं धरलं, तर मर्यादा सरासरीपासून दोन्ही बाजूंना ०.०३ मिलीमीटरवर, म्हणजे १.५ सिग्मावर आहेत. वक्र सरासरीभोवती सममित आहे. म्हणून ० ते १.५ मधलं क्षेत्रफळ काढायचं आणि दुप्पट करायचं.

```
I = ∫ f(x) dx,  x = 0 ते 1.5
f(x) = (1/√(2π)) · e^(−x²/2)
```

बारावीत शिकलेल्या कुठल्याही युक्तीने हे इंटिग्रल सुटत नाही. e^(−x²/2) चं प्रतिअवकलज नेहमीच्या फलांमध्ये लिहिताच येत नाही, त्यामुळे संख्यात्मक पद्धत वापरण्यावाचून इलाज नाही. उत्तर झेड-टेबलमध्ये छापलेलं असतं हे मला माहीत आहे. उदाहरण त्याचसाठी निवडलं: आपण आधी चुकीची हमी देणार आहोत, आणि ती पाळली गेली की नाही हे टेबल शेवटी सांगेल.

परीक्षेच्या पेपरात "n = 6 घेऊन सिम्पसनच्या नियमाने किंमत काढा" असं येतं. n म्हणजे पट्ट्यांची संख्या. ती ६ च का, हे कोणी विचारत नाही. कामाच्या जागी मात्र n कोणी हातात देत नाही, तो आपल्यालाच ठरवावा लागतो. हा लेख मुख्यतः त्या ठरवण्याबद्दल आहे.

आधी चालणारी चूक ठरवा

"पाच दशांश स्थळांपर्यंत अचूक" असली अट हवेतून उचलू नका, प्रश्नातूनच काढा. इथे उत्तर पीसमध्ये हवं आहे. आकडेमोडीमुळे दहा हजारांत अर्ध्या पीसपेक्षा जास्त फरक पडू नये, एवढंच पुरे. अर्धा पीस म्हणजे ०.५ ÷ १०,००० = ०.००००५. आपण I ची दुप्पट करणार, म्हणजे चूकही दुप्पट होणार. म्हणून I मध्ये चालणारी चूक ०.००००२५. ही आपली मर्यादा. पुढची प्रत्येक पायरी तिच्याशी ताडून बघायची.

यात थोडं थांबून एक गोष्ट बघण्यासारखी आहे. ही मर्यादा फक्त आकडेमोडीच्या चुकीची आहे. सिग्मा ०.०२ ऐवजी प्रत्यक्षात ०.०२१ असेल तर मर्यादा १.४३ सिग्मावर येते आणि पास होणारे पीस सुमारे १९५ ने घटतात. मायक्रोमीटरच्या वाचनातली ती अनिश्चितता कोणताही नियम भरून काढत नाही. आपण इतकंच बघतो आहोत, की तिच्यात आपल्या बेरजेची भर पडू नये.

नियम आणि त्याच्या चुकीची कमाल मर्यादा

a ते b हे अंतर n समान पट्ट्यांत वाटायचं. n सम हवा, कारण सिम्पसन एका वेळी दोन पट्ट्या घेतो आणि त्यांच्या तीन बिंदूंतून एक पॅराबोला नेतो. पट्टीची रुंदी h = (b − a)/n. सगळ्या जोड्यांची बेरीज अशी येते:

```
S = (h/3) · [ f(x0) + 4f(x1) + 2f(x2) + 4f(x3) + ... + 4f(x(n−1)) + f(xn) ]
```

टोकांना १, विषम क्रमांकांना ४, मधल्या सम क्रमांकांना २. पट्ट्या n असल्या तर बिंदू n + १ असतात. यात गोंधळ झाला की गुणक सरकतात आणि उत्तर बऱ्यापैकी जवळचं पण चुकीचं येतं. अशी चूक पकडणं सगळ्यात अवघड. त्यावर सोपा उपाय म्हणजे सगळ्या गुणकांची बेरीज करून बघणे. ती ३n आलीच पाहिजे.

आता चूक. दोन पट्ट्यांच्या एका जोडीत पॅराबोला वक्राला जिथे चुकवतो, तिथे त्या चुकीत तिसऱ्या घाताचाही वाटा असायला हवा होता. पण x³ चा भाग जोडीच्या मध्याच्या एका बाजूला जितका जास्त भरतो, तितकाच दुसऱ्या बाजूला कमी पडतो, आणि तो आपोआप कटतो. म्हणून सिम्पसनचा नियम पॅराबोलावर आधारलेला असूनही त्रिघाती बहुपदींना अचूक उत्तर देतो. उरणारी पहिली चूक चौथ्या डेरिव्हेटिव्हमधून येते. एका जोडीत ती h⁵/९० गुणिले त्या जोडीतल्या कुठल्यातरी बिंदूवरचा चौथा डेरिव्हेटिव्ह इतकी असते. अशा n/2 जोड्या आहेत आणि n·h म्हणजे b − a, म्हणून सगळं मिळून:

```
|E| ≤ (b − a) · h⁴ · M4 / 180  =  (b − a)⁵ · M4 / (180 · n⁴)
```

M4 म्हणजे a ते b या संपूर्ण अंतरात |f''''(x)| ज्याच्या वर कधीच जात नाही अशी संख्या. चौथा डेरिव्हेटिव्ह टोकांसह सगळीकडे अस्तित्वात आणि सलग असला पाहिजे, ही सूत्राची अट आहे. ती मोडली की काय होतं ते शेवटी बघू.

काही पुस्तकांत याच सूत्रात १८० च्या जागी २८८० दिसतं. तिथे n ही पट्ट्यांची संख्या नसून जोड्यांची असते, आणि १८० × २⁴ = २८८०. दोन पुस्तकांतली सूत्रं एकमेकांत मिसळली की n निम्मा किंवा दुप्पट येतो. त्यामुळे सूत्र उचलण्याआधी त्या पुस्तकात n कशाला म्हटलंय ते वाचा.

M4 काढणे: खरं काम इथे आहे

आपल्या f ला डेरिव्हेटिव्ह घेताना प्रत्येक वेळी f तसाच राहतो आणि त्याच्यापुढे एक बहुपदी येते:

```
f'    = −x · f
f''   = (x² − 1) · f
f'''  = (3x − x³) · f
f'''' = (x⁴ − 6x² + 3) · f
```

आता ० ते १.५ मध्ये शेवटच्या ओळीची निरपेक्ष किंमत जास्तीत जास्त किती होऊ शकते? बहुतेक विद्यार्थी इथे पाचवा डेरिव्हेटिव्ह घेऊन शून्याशी जुळवायला बसतात. तसं करता येतं, पण गरज नाही. आपल्याला अचूक महत्तम नकोच आहे. खात्रीने वर असलेली कोणतीही संख्या चालते.

सगळ्यात आळशी मार्ग म्हणजे वजाबाकीची चिन्हं विसरून जायची. बहुपदीची निरपेक्ष किंमत x⁴ + ६x² + ३ पेक्षा जास्त असू शकत नाही, आणि x = १.५ ला ती बेरीज ५.०६२५ + १३.५ + ३ = २१.५६२५ होते. f स्वतः ०.४ च्या वर कधीच जात नाही, कारण त्याची सर्वात मोठी किंमत x = ० ला ०.३९८९४ आहे. गुणाकार ८.६२५. ही मर्यादा खरी आहे, फक्त सैल आहे.

थोडे कष्ट घेतले तर ती बरीच आवळता येते. x² ला t म्हणा. t² − ६t + ३ ही किंमत t = ३ पर्यंत सतत घटत जाते, आणि आपला t फक्त २.२५ पर्यंत जातो. म्हणजे बहुपदी ३ पासून −५.४३७५ पर्यंत घटते. मधे t = ०.५५ च्या आसपास ती शून्य ओलांडते. आता तीन तुकडे करू.

पहिल्या तुकड्यात, म्हणजे शून्य ओलांडेपर्यंत, बहुपदी ३ पेक्षा मोठी नाही आणि f ०.४ पेक्षा मोठा नाही. गुणाकार १.२ च्या आत. दुसऱ्या तुकड्यात t ०.५५ पासून १.५ पर्यंत जातो. तिथे बहुपदी जास्तीत जास्त −३.७५ पर्यंत खाली जाते, पण f आधीच ०.३०३ वर उतरलेला असतो, म्हणून गुणाकार १.१४ च्या आत. तिसऱ्या तुकड्यात t १.५ ते २.२५. बहुपदी −५.४३७५ पर्यंत, f ०.१८९ च्या आत, गुणाकार १.०३ च्या आत. तिन्हीकडे १.२ पुरतो. M4 = १.२.

तुकडे करण्याचा फायदा कुठून आला तेही बघा. बहुपदी मोठी होते तिथे f लहान असतो, आणि f मोठा असतो तिथे बहुपदी लहान. दोघांची सर्वात मोठी किंमत वेगवेगळ्या जागी असताना आळशी मार्ग त्या दोन्ही एकाच जागी धरतो. गुणाकाराच्या रूपातलं कुठलंही फल आलं की हा प्रश्न आधी विचारावा.

एक सावधगिरी. दोन टोकांवरच्या किमती काढून त्यातली मोठी घेणं हा पुरावा नाही. sin x चं ० ते π इंटिग्रल घ्या: चौथा डेरिव्हेटिव्ह पुन्हा sin x, दोन्ही टोकांना शून्य, आणि मध्यावर १. टोकं बघून M4 = ० लिहिणारा विद्यार्थी "चूक शून्य" अशी हमी देऊन मोकळा होतो. कॅल्क्युलेटरवर चार-पाच ठिकाणच्या किमती काढणं अंदाजासाठी चांगलं आहे. आपल्या फलासाठी त्या ०, ०.५, १ आणि १.५ ला अनुक्रमे १.१९७, ०.५५०, −०.४८४ आणि −०.७०४ येतात. वर सिद्ध केलेल्या १.२ शी त्या जुळतात, म्हणजे आपण कुठे घसरलो नाही. पण हमी सिद्धतेतूनच येते.

n काढणे

आता सगळे आकडे हातात आहेत. (b − a)⁵ = १.५⁵ = ७.५९३७५. याला १.२ ने गुणून १८० ने भागलं की ०.०५०६२५ येतं. म्हणजे चूक ०.०५०६२५ ÷ n⁴ च्या आत. ती ०.००००२५ पेक्षा जास्त नको:

```
n⁴ ≥ 0.050625 / 0.000025 = 2025
n² ≥ 45
n  ≥ 6.71
```

वरची पूर्ण संख्या ७, पण n सम हवा, म्हणून ८. ६.७१ जवळ आहे म्हणून ६ घेणं चालणार नाही. n = ६ ला मर्यादा ०.००००३९ येते, आपल्या हद्दीच्या बाहेर.

आळशी मार्गाचा ८.६२५ वापरला असता तर? n⁴ ≥ सुमारे १४,५५५, n ≥ १०.९८, म्हणजे १२ पट्ट्या. मर्यादा सातपट सैल धरूनही चारच पट्ट्या वाढल्या, कारण n वर चौथं मूळ येतं. M4 सोळापट मोठा धरला तरी n फक्त दुप्पट होतो. M4 साठी किती वेळ घालवायचा हे यावरूनच ठरतं. संगणकावर काम असेल तर आळशी मर्यादा घ्या आणि पुढे चला. हाताने करायचं असेल, किंवा f ची एकेक किंमत महाग असेल, तरच ती आवळत बसा.

सममितीचा फायदा न घेता थेट −१.५ ते १.५ वर गेलो असतो तर b − a दुप्पट, म्हणजे पाचवा घात ३२ पट. तिथे चालणारी चूक ०.००००५ असली तरी n १४ वर जातो. निम्मं अंतर घेतल्याने बरंच काम वाचलं.

८ पट्ट्या घेतल्या तर h = ०.१८७५ येतो. संगणकाला त्याचं काही वाटत नाही, पण वहीत x च्या किमती ०.५६२५, ०.९३७५ अशा येतात आणि लिहिताना चुका होतात. हाताने करायचं तर मी १० घेईन. h = ०.१५, दोन दशांश स्थळांत सगळे बिंदू, आणि मर्यादाही ०.०५०६२५ ÷ १०,००० = ०.०००००५०६ इतकी खाली येते. n मोठा घेण्याला मज्जाव नाही, लहान घेण्याला आहे.

किमती किती अंकांपर्यंत लिहायच्या

ही पायरी पुस्तकांत बहुधा गाळलेली असते. वरचं सूत्र पॅराबोलाच्या चुकीबद्दल बोलतं, आपण किमती गोल करतो त्याबद्दल नाही. गुणकांची बेरीज ३n, तिला h/3 ने गुणलं की n·h, म्हणजे b − a. याचा अर्थ प्रत्येक किमतीत जास्तीत जास्त δ इतकी गोल करण्याची चूक असेल, तर उत्तरात ती (b − a)·δ च्या वर जात नाही. पट्ट्या वाढवल्या म्हणून ती वाढत नाही, आणि कमीही होत नाही.

आपण e^(−x²/2) च्या किमती लिहून शेवटी ०.३९८९४२३ ने गुणणार आहोत. चार दशांश स्थळं ठेवली तर δ = ०.००००५, आणि उत्तरात ती १.५ × ०.००००५ × ०.४ = ०.००००३ पर्यंत जाऊ शकते. पूर्ण मर्यादाच ०.००००२५ होती! पट्ट्या दहा काय, हजार केल्या तरी हमी देता आली नसती. सहा स्थळं ठेवली की ही चूक ०.०००००३ च्याही दहाव्या हिश्शावर येते, आणि विसरली तरी चालते.

बेरीज

| x | e^(−x²/2) | गुणक |
|---|---|---|
| ० | १.०००००० | १ |
| ०.१५ | ०.९८८८१३ | ४ |
| ०.३० | ०.९५५९९७ | २ |
| ०.४५ | ०.९०३७०७ | ४ |
| ०.६० | ०.८३५२७० | २ |
| ०.७५ | ०.७५४८४० | ४ |
| ०.९० | ०.६६६९७७ | २ |
| १.०५ | ०.५७६२२९ | ४ |
| १.२० | ०.४८६७५२ | २ |
| १.३५ | ०.४०२०२१ | ४ |
| १.५० | ०.३२४६५२ | १ |

गुणक प्रत्येक ओळीत गुणत बसू नका, तीन गट करा. टोकांची बेरीज १.३२४६५२. चारवाल्यांची बेरीज ३.६२५६१०, चौपट १४.५०२४४०. दोनवाल्यांची बेरीज २.९४४९९६, दुप्पट ५.८८९९९२. एकूण २१.७१७०८४. h/3 म्हणजे ०.०५, म्हणून १.०८५८५४२. याला ०.३९८९४२३ ने गुणलं की I ≈ ०.४३३१९३.

दुप्पट केली: ०.८६६३८६. दहा हजारांत ८,६६४ पीस पास, १,३३६ बाद. आणि या आकड्यासोबत एक हमी देता येते: पूर्ण पीसमध्ये गोल करण्याआधी आकडेमोडीमुळे त्यात फार तर ०.११ पीसचा फरक असेल.

झेड-टेबलमध्ये १.५० समोर ०.४३३२ छापलेलं आहे. जास्त अंकांपर्यंत ती किंमत ०.४३३१९२८० आहे. आपल्या पट्ट्यांची चूक, गोल करण्याचा भाग वगळून, सुमारे ०.०००००० ४ येते, म्हणजे सहाव्या स्थळापर्यंत शून्यं आणि सातव्यावर ४.

हमी इतकी सढळ का निघाली

आपण हमी दिली ०.०००००५०६ ची, चूक निघाली तिच्या बाराव्या हिश्शाहूनही कमी. यात सूत्राचा दोष नाही. f'''' डाव्या बाजूला धन आहे आणि x = ०.७४ च्या पुढे ऋण होतो. डावीकडच्या जोड्यांची चूक आणि उजवीकडच्या जोड्यांची चूक एकमेकींना खातात. कमाल मर्यादेचं सूत्र मात्र सगळ्या चुका एकाच दिशेच्या आणि सगळ्या सर्वात वाईट आकाराच्या धरून चालतं.

जोड्यांच्या चुका चिन्हासकट जोडल्या तर ती बेरीज f'''' च्या इंटिग्रलसारखीच दिसते, आणि ते तर तिसऱ्या डेरिव्हेटिव्हमधला फरक:

```
S − I ≈ (h⁴ / 180) · [ f'''(b) − f'''(a) ]
```

आपल्याकडे f'''(०) = ० आणि f'''(१.५) = १.१२५ × ०.१२९५२ = ०.१४५७. h⁴ = ०.०००५०६२५. गुणाकार-भागाकार करून ०.०००००० ४१ येतं. झेड-टेबलशी तुलना करून जे मिळालं, तेच. धन चिन्हही बरोबर: आपलं उत्तर खऱ्या किमतीपेक्षा किंचित जास्त आहे.

मग M4 च्या भानगडीत न पडता हेच का वापरू नये? कारण यातलं "≈" हे चिन्ह. h पुरेसा लहान असेल तरच हा अंदाज बरोबर, आणि पुरेसा म्हणजे किती हे तो स्वतः सांगत नाही. f'''(a) आणि f'''(b) योगायोगाने सारखे असले तर तो चूक शून्य दाखवतो. मी दोन्ही काढतो: n मर्यादेच्या सूत्रावरून ठरवतो, आणि हमी किती सढळ आहे हे या अंदाजावरून बघतो. सढळ निघाली म्हणून पुढच्या वेळी n कमी करत नाही, कारण पुढच्या फलात चुका एकमेकींना खातीलच असं नाही.

संगणकावर हेच करायचं असेल तर इतकं पुरे:

```python
from math import exp, sqrt, pi, ceil

def choose_n(a, b, M4, tol):
    n = ceil(((b - a)**5 * M4 / (180 * tol)) ** 0.25)
    return max(2, n + n % 2)

def simpson(f, a, b, n):
    h = (b - a) / n
    s = f(a) + f(b)
    for i in range(1, n):
        s += (4 if i % 2 else 2) * f(a + i * h)
    return s * h / 3

f = lambda x: exp(-x * x / 2) / sqrt(2 * pi)
n = choose_n(0, 1.5, 1.2, 2.5e-5)
print(n, round(simpson(f, 0, 1.5, n), 6))
```

उत्तर `8 0.433194` येतं. वहीतल्या ०.४३३१९३ शी सहाव्या स्थळावर एकचा फरक आहे, कारण इथे पट्ट्या आठच आहेत. दोन्ही उत्तरं मर्यादेच्या खूप आत.

सूत्र कुठे लागू होत नाही

घोडबंदर रोडच्या सोसायट्यांत येणारे पाण्याचे टँकर डोळ्यांसमोर आणा. टाकी आडवी आणि गोल आहे असं समजा, आणि आत काठी बुडवून पाणी किती हे काढायचं आहे. छेद वर्तुळाचा, म्हणून इंटिग्रलमध्ये √(१ − x²) येतं, त्रिज्या १ धरून. टाकीच्या अगदी तळाशी किंवा माथ्याशी, म्हणजे केंद्रापासूनचं उभं अंतर x = १ होतं तिथे, √(१ − x²) च्या आलेखाची कड उभी होते. तिथे पहिला डेरिव्हेटिव्हच अनंत, मग चौथ्याची काय कथा. M4 अस्तित्वातच नाही. सूत्र n सांगू शकत नाही, आणि एखाद्याने x = ०.९९ पर्यंतचा M4 काढून भागवलं तर मिळणारी हमी खोटी असते.

नियम चालवला तर उत्तर येतं, प्रोग्राम काही कुरकुर करत नाही. ० ते १ मध्ये खरी किंमत π/4 = ०.७८५३९८. दोन पट्ट्यांना ०.७४४०१७, चारला ०.७७०८९९, आठला ०.७८०२९७. चुका ०.०४१४, ०.०१४५, ०.००५१. प्रत्येक वेळी पट्ट्या दुप्पट केल्यावर चूक सुमारे २.८ पटीने घटली. n⁴ च्या हिशोबाने ती १६ पटीने घटायला हवी होती.

खरी किंमत माहीत नसतानाही हे पकडता येतं. n, 2n आणि 4n अशा तीन बेरजा घ्या आणि लागोपाठच्या फरकांचं गुणोत्तर काढा. वर ०.०२६८८२ ÷ ०.००९३९८ = २.८६ येतं. गुणोत्तर १६ च्या जवळ असेल तर सगळं ठीक. ३ च्या आसपास रेंगाळत असेल तर कुठेतरी वर्गमुळासारखी उभी कड लपलेली आहे, आणि ती बहुधा टोकाला असते. मात्र पट्ट्या फारच कमी असताना चांगल्या फलालाही हे गुणोत्तर १६ पासून दूर असू शकतं, म्हणून एकदा-दोनदा n आणखी दुप्पट करून मग निकाल द्या.

यावर पट्ट्या वाढवत राहणं हा उपाय नव्हे. चल बदला. x = sin θ घेतलं की इंटिग्रल ० ते π/2 मध्ये cos²θ चं होतं. त्याचा चौथा डेरिव्हेटिव्ह ८ cos २θ, म्हणजे M4 = ८, आणि सूत्र पुन्हा लागू. टाकी अर्धवट भरलेली असेल तर θ ची मर्यादा तेवढी बदलायची, M4 ८ च राहतो. त्रिज्या मीटरमध्ये R असेल तर मिळालेल्या क्षेत्रफळाला R² ने गुणायचं, आणि चालणारी चूक आधीच R² ने भागून घ्यायची.

दुसरी अडचण वेगळ्या जातीची आहे. ठाण्याच्या खाडीत दोरी टाकून ठरावीक अंतरावर खोली मोजली आणि त्या आकड्यांवर सिम्पसन चालवला, तर f चं सूत्रच हातात नाही. मग f'''' नाही, M4 नाही, आणि आधीची हमीही नाही. चौथे फरक काढून f'''' चा अंदाज करण्याचा मोह होतो. पण चौथ्या फरकात मोजमापाची चूक १६ पटीपर्यंत फुगते, आणि आकडा बहुतेक दोरीच्या हेलकाव्यांचा निघतो. तिथे एक बिंदू सोडून एक घेऊन दुप्पट h ची बेरीज करायची, दोन उत्तरं शेजारी ठेवायची आणि फरक कळवायचा. मात्र तो कळवताना "अंदाज" हा शब्द लिहायचा, "कमाल मर्यादा" नाही.